मदत हवी आहे: मोझॅकवरचं सिलिंडरचं गंजाचं कडं निघेना, लिंबाने उलटं पांढरं झालं

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी. सांगलीत भाड्याच्या घरात सहा वर्षं राहतोय, या महिनाअखेरीस सोडायचंय. मालक वरच राहतात. माणूस चांगला, पण डिपॉझिटच्या बाबतीत डोळा बारीक. परवा सामान हलवलं आणि दोन सिलिंडरांची दोन कडी दिसली.

एक स्वयंपाकघरात ओट्याखाली. तिथे मालकांनीच मागे गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स घातल्यात. दुसरं कोठीच्या खोलीत. तिथली फरशी जुनी मोझॅक, पिवळट, आत काळे-पांढरे खडे असलेली. भरलेला सिलिंडर कायम कोठीत असायचा आणि बाई रोज त्याच्याभोवतीनं ओलं पुसून जायची. खाली पाणी साचत असणार हे आत्ता सुचतंय.

स्वयंपाकघरातल्या कड्यावर संडास साफ करायचं ॲसिड टाकलं. टाइलवरचं पाच मिनिटांत गेलं, पण दोन टाइल्समधल्या सांध्यात अजून तपकिरी आहे आणि तो सांधा आता बोटाला भुसभुशीत लागतो. घाबरून कोठीत ॲसिड नाही वापरलं, लिंबू चोळून तासभर ठेवलं. कडं थोडं फिकट झालं, पण त्याच्या आतबाहेर पांढरट, निस्तेज पट्टा उठलाय. आता कडं परवडलं असं झालंय. नऊ दिवस आहेत. काय करू?

पाटावरवंटा

ब्लीचिंग पावडर रात्रभर टाकून ठेव. आमच्या मोरीतले सगळे डाग जातात.

जुना_रंगारी

ब्लीच नको! हळदीचा, चहाचा डाग ब्लीचने जातो कारण रंगच मोडतो. गंज म्हणजे लोखंड हवा-पाणी पिऊन आधीच जळून बसलेलं. त्याला ब्लीच आणखी काय जाळणार? आणि जिथे आधी ॲसिड टाकलंय तिथे ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद कोठीत तर अजिबातच नको.

ताई, दोन फरशा म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. आधी एक करून बघा. कोठीतल्या पांढरट पट्ट्यावर ओलं फडकं फिरवा. ओलं असताना पट्टा दिसेनासा होतो आणि वाळलं की परत येतो का? आणि तपकिरी कडं ओल्यात कसं दिसतं?

खिडकीतली_तुळस

केलं. पांढरट पट्टा ओल्यात गायब, वाळल्यावर हजर. कडं ओल्यात उलट जास्त गडद. आणखी एक दिसलं, कडं सलग नाहीये. जिथे मोठा खडा आहे तिथे तुटलंय आणि खड्यांच्या मधल्या सिमेंटमध्ये गच्च बसलंय.

जुना_रंगारी

बरोबर. पांढरा पट्टा हा डागच नाही. लिंबाने फरशीचं पॉलिश खाल्लंय. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराचे खडे, दोन्हीत चुना, आणि चुन्याला कुठलंही आंबट चालत नाही. शहाबादी, कडप्पा, संगमरवर सगळ्यांचं तेच. टाइलचा वरचा थर काचेचा, म्हणून तिथे ॲसिड निभावलं. पण सांधा सिमेंटचा, तो भुसभुशीत झालाच.

म्हणजे मोझॅकवरचा गंज आंबट न वापरता काढायचा. मी इचलकरंजीत प्रोसेस हाउसमध्ये पंचवीस वर्षं काढली. कापडावर गंजाचा डाग पडला की आम्ही हायड्रो वापरायचो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. आमच्याकडे रंगाच्या हौदात लागतं, गुऱ्हाळात तीच पावडर 'हायड्रॉस' म्हणून गुळाचा रंग उजळायला घालतात. गंजातलं लोखंड पाण्यात विरघळत नाही. हायड्रोने ते विरघळणाऱ्या रूपात येतं. पण एकट्या हायड्रोने काम अर्धं राहतं, सुटलेलं लोखंड धरून ठेवायला सायट्रेट लागतं, नाहीतर ते तिथेच परत बसतं.

मिस्त्रीचा_मुलगा

एवढी केमिस्ट्री कशाला? आमचे वडील मोझॅक-मार्बल पॉलिशचं काम करायचे. शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून मशीन फिरवायचे, गंजाचे बारीक डाग त्यातच जायचे आणि चकाकी यायची. ऑक्झॅलिक आणा, ओलं करून कड्यावर ठेवा, झालं.

जुना_रंगारी

वडिलांचं बरोबर आहे, तुमचं अर्धं. ऑक्झॅलिक गंज काढतं यात शंका नाही. पण ते मशीनखाली पॅडने घासत होते, पाणी फिरत होतं. नुसती पेस्ट ठेवली तर चुन्याशी मिळून पांढरी साय धरते आणि ती पाण्याने निघत नाही. शिवाय पोटात गेलं तर विषारी, घरात लहान मूल असेल तर कोपऱ्यात सांडलेलंही नको.

मिस्त्रीचा_मुलगा

पांढरी साय मी तरी पाहिली नाही. पण मशीनशिवाय वापरताना वडिलांना पाहिलेलं नाही हेही खरं.

गॅसवाला_नाना

सिलिंडरचा गंज पॉलिश पेपरने घासून लाल ऑइलपेंट मारा, डाग पडणारच नाही.

खिडकीतली_तुळस

नाना, प्रश्न फरशीचा आहे :) आणि सिलिंडर दर वेळी वेगळा येतो, मी रंगवलेला कुणाच्या तरी दुसऱ्याच घरी जाणार. नव्या घरी चाकांची प्लास्टिकची ट्रॉली घेणार आहे.

जुना_रंगारी

शिवाय सिलिंडर कंपनीचा, आपण रंगवायचा नसतो. ट्रॉली उत्तम, फक्त तिच्या खोलगट भागात पाणी साचू देऊ नका.

आता कृती. सोडियम सायट्रेट लॅबच्या दुकानात मिळतं, नाहीतर घरीच करा. मोठ्या भांड्यात दोन कप, म्हणजे ४०० मिलीच्या आसपास कोमट पाणी. त्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, वाण्याकडे लिंबूफूल म्हणून मिळतं ते, विरघळवा. मग खायचा सोडा चमच्या-चमच्याने घाला. दुधासारखं उतू येईल म्हणून भांडं मोठं. साधारण ६५ ग्रॅम सोडा लागतो. नवा चमचा टाकल्यावर फसफस होईनाशी झाली की आंबटपणा संपला. ही खूण नीट बघा, कारण थोडंही आंबट राहिलं तर फरशी परत खाल्ली जाईल आणि हायड्रोतून सल्फरचा डोळ्यांत जाणारा वायू सुटेल.

हे पाणी कड्यावर ब्रशने लावा. दर पाच-दहा मिनिटांनी परत लावत अर्धा तास ओलं ठेवा. फक्त कड्यावर, आजूबाजूला पसरवू नका. मग हायड्रोची पावडर कड्यावर पातळ भुरभुरवा, अंगारा टाकतो तेवढीच, आणि वर पाण्याचे दोन-चार थेंब. त्यावर खडूच्या पुडीचा पाण्यात कालवलेला लगदा बोटभर जाड थापा. शाळेतले खडू कुटू नका, ते बहुतेक जिप्समचे असतात. रंगाच्या दुकानात व्हायटिंग मागा. लगदा सुटलेलं लोखंड वर ओढून घेतो.

आणि आता महत्त्वाचं. घड्याळ लावून एक तासाच्या आत सगळं खरवडून काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. जास्त ठेवलं तर हायड्रोतला गंधक लोखंडाला धरतो आणि तिथे काळा डाग येतो. एका वेळेत नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी परत करा, पण एका वेळी तास ओलांडू नका.

आधी दाराआडच्या कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर करून बघा. खिडकी उघडी, हातमोजे, आणि घरात दमा असेल त्यांना बाहेर पाठवा. उरलेली पावडर ओल्या डब्यात कधीच नको, ओलसर झाली की गरम होते आणि पेट घेऊ शकते. अर्थात सिलिंडर खोलीतून आधीच बाहेर.

हापूस_१८

आमच्या रत्नागिरीच्या घरी लाल कोबा आहे, आजोबांच्या वेळचा. त्यावर सिलिंडरचं काळपट कडं पडलंय. हेच चालेल का?

जुना_रंगारी

थांबा! लाल कोब्याचा लाल रंग म्हणजेच लोखंडाची गेरूसारखी भुकटी. हायड्रोला तुमचा गंज आणि आजोबांचा कोबा यांतला फरक कळत नाही. कडं जाईल आणि जागी फिकट गोल उमटेल. काळपट आहे म्हणता तर तो कदाचित गंजही नसेल, लोखंड घासल्याची खूण असेल. आधी साबणपाणी आणि नारळाच्या शेंडीने घासून बघा.

हापूस_१८

बरं झालं विचारलं. आईला फोन करून थांबवते.

खिडकीतली_तुळस

अपडेट, सहाव्या दिवशी. हायड्रो इथे एका रंग-रसायनाच्या दुकानात मिळालं, दुकानदाराने "गुऱ्हाळ काढलंय का?" विचारलं. कोपऱ्यात करून पाहिलं, काही बिघडलं नाही. कड्यावर पहिल्याच वेळी लगदा काढला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला पिवळट छटा होती आणि फरशीवर खडूंमधलं तपकिरी जवळजवळ अर्धं झालं होतं. अर्थात खडूंमधलं नाही, खड्यांमधलं! दुसऱ्या दिवशी परत केलं. आता कडं शोधावं लागतं. खडे तर स्वच्छ, सिमेंटमध्ये फिकट पिवळी रेघ उरलीये.

पण एक घोळ झाला. दुसऱ्या वेळी वरून मालकीणबाई आल्या, चहा झाला, आणि कोठीच्या दाराकडचा भाग दीड तास राहिला. तिथे रुपयाएवढा करडा-काळा ठिपका आलाय. त्याचं काय करू?

जुना_रंगारी

त्यावर काही आंबट टाकायचा मोह टाळा, कुजक्या अंड्यासारखा वायू सुटेल. माझ्या अनुभवात असे ठिपके उघड्या हवेत, अधूनमधून ओलसर केले की काही दिवसांत परत तपकिरी होतात, मग सायट्रेट-हायड्रो एकदा, या वेळी अर्ध्या तासातच काढून. फरशीवर किती दिवस लागतात ते मला सांगता येणार नाही, मी कापडावर पाहिलंय.

पांढऱ्या पट्ट्यासाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून गोल गोल, मग ८००. कड्यापुरतंच घासू नका, हाताच्या पंजाभर बाहेर घेत घेत जा, नाहीतर तिथे खड्डा पडल्यासारखं दिसतं.

मिस्त्रीचा_मुलगा

आणि ८०० नंतर पॉलिशवाल्याकडून पाव किलो ऑक्झॅलिक... बरं, नाही म्हणत. पण मशीनने केलं तर खरंच चकाकी येईल, एका खोलीचं फार घेत नाहीत. डिपॉझिटशी तुलना करून बघा.

पाटावरवंटा

आणि स्वयंपाकघरातल्या सांध्याचं काय केलं?

खिडकीतली_तुळस

भुसभुशीत झालेलं जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं, तपकिरीही त्याच्याबरोबरच आलं. पांढरं ग्राउट भरलं. आता तेवढाच एक सांधा नवा कोरा दिसतो आणि बाकीचे सहा वर्षांचे. त्यावर पातळ चहा फिरवू का, असा विचार आहे :)