'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' काढला तर अर्थ बदलतो का?

अनुस्वार: काल पाठवायच्या ईमेलमध्ये मी लिहिले होते, 'यादी तपासून रिव्हर्ट बॅक करावे, चुकीचा अर्ज रिटर्न बॅक करावा आणि तीच माहिती रिपीट अगेन करू नये.' वरिष्ठांनी दोन्ही 'बॅक' आणि 'अगेन' खोडले. मजकूर खरोखरच तसाच राहिला का?

जुनी वही: तसाच राहिला, कारण तिन्ही क्रियापदांच्या आरंभीचा 'रि' हा लॅटिन उपसर्ग 'मागे' आणि 'पुन्हा' हे दोन्ही अर्थ सोबत घेऊनच येतो. आपला 'परत' असाच दुहेरी आहे: 'परत ये' म्हणजे माघारी, 'परत सांग' म्हणजे पुन्हा. मात्र 'ये', 'दे', 'पाठव' यांत माघारी येण्या-देण्याचा अर्थ नसल्यामुळे मराठीत 'परत' जोडावाच लागतो, आणि तीच सवय आपण 'रिटर्न'लाही लावतो, असा माझा तर्क आहे. पिवळ्या पीतांबराचे हे इंग्रजी भावंडच म्हणायचे.

खोडरबर: म्हणजे नियम सोपा झाला. शब्द 'रि'ने सुरू झाला की पुढचा 'बॅक' किंवा 'अगेन' खोडावा.

जुनी वही: सरसकट नको. 'रिपोर्ट'चे मूळही 'मागे आणणे' असेच आहे, तरी 'रिपोर्ट बॅक' म्हणजे ज्याने काम सोपवले त्याच्याकडेच येऊन सांगणे, आणि 'बॅक' काढल्यास हा 'त्याच्याकडेच' निसटू शकतो. सूचना एकदा देऊन झाली, मग ती रिपीट केली आणि तरीही तिसऱ्यांदा द्यावी लागली, तर तिथला 'अगेन'ही फुकटचा नाही. मी संशयित शब्दावर बोट ठेवून वाक्य वाचतो. वाचणारा त्यामुळे वेगळे काही करणार नसेल, तरच तो शब्द काढतो.

कोडकर: कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या git मधल्या `git revert` या आज्ञेला 'बॅक' लागत नाही, पण ती इतिहास मागेही नेत नाही, जुना बदल उलटवणारा नवा कमिट, म्हणजे नवी नोंद, जोडते. एका ग्राहकाने 'बदल पाहून रिव्हर्ट करा' असे लिहिले, तेव्हा मी तो बदलच उलटवला. त्याला फक्त उत्तर हवे होते!

अनुस्वार: मग 'बॅक' खोडूनही माझ्या वाक्यातली अडचण उरलीच.

जुनी वही: उरली, पण ती वेगळी आहे. 'उत्तर देणे' हा 'रिव्हर्ट'चा अर्थ मुख्यतः दक्षिण आशियातल्या इंग्रजीत दिसतो. इतरत्र त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असाच घेतला जाण्याचा संभव जास्त. मी लिहीन, 'यादी तपासून उत्तर द्यावे, चुकीचा अर्ज परत करावा आणि तीच माहिती पुन्हा देऊ नये.'

खोडरबर: 'बॅक' गेला हे मान्य आहे. पण आमच्याकडे 'रिव्हर्ट' म्हटले की सगळे उत्तरच पाठवतात, त्यामुळे इतक्या रुळलेल्या शब्दाला अडचण म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.