रेशो 80 च्या वर गेला की सोनं मोडून चांदी घ्यावी का?

सोयाबीनवाला, औसा
सोयाबीनच्या पैशातून थोडं थोडं करत 100 ग्रॅम चोख सोनं जमलंय, बिस्किटात. सोन्याचा भाव चांदीच्या 80 पटीवर गेला की चांदी स्वस्त समजायची, सोनं मोडून ती घ्यायची आणि रेशो उतरला की परत सोन्यात यायचं, म्हणजे सोन्याचं वजन वाढतं, असं ऐकतोय. कुणी केलंय का?

गंगाखेडकर
बिनधास्त करा. 1792 च्या अमेरिकी नाणे कायद्यात 15 ला एक असा दर होता. आजही खाणींतून सोन्याच्या सात-आठ पटच चांदी निघते, मग भावात 80 पट फरक कशाला? मार्च 2020 मध्ये रेशो 120 च्या पुढे गेला आणि ऑगस्टात 72 च्या आसपास आला. रबर ताणलं की मागे येतंच.

वहीखाते, लातूर
गंगाखेडकर, 2020 चे आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. नियम 80 चा आहे ना? मग सप्टेंबर 2018 पासून सांगा. तेव्हा सोनं औंसाला 1,200 डॉलरच्या आसपास, चांदी 14 च्या थोडी वर, रेशो 84. दादांनी तेव्हा सोनं मोडलं असतं, तर मार्च 2020 ला सोनं 1,480 च्या पुढे आणि चांदी 12 वर पाहायला मिळाली असती. कारखाने बंद पडणार या भीतीने चांदी आपटली, कारण तिची निम्म्याहून जास्त मागणी उद्योगांची. सोनं मात्र रिझर्व्ह बँकेसारख्या बँका तिजोरीत ठेवतात. रेशो त्या वेळी ही भीती मोजत होता. चांदी स्वस्त झाली की नाही, हे त्यातून कळत नव्हतं.

आता फायदा बघा. 84 चा रेशो 72 झाला. चांदी दुप्पट झाली, पण सोनंही 2,000 च्या पुढे गेलं होतं. अदलाबदलीचा नफा फक्त 84 आणि 72 मधला, म्हणजे साधारण 17 टक्के. 100 ग्रॅमची 8.4 किलो चांदी. 3 टक्के जीएसटी भरला की हातात 8.15 किलो. 72 ला परत सोनं घेताना पुन्हा जीएसटी, उरले 110 ग्रॅम. सराफाने मोडताना दोन्ही वेळा समजा 2-2 टक्के घट धरली, तर साडेपाच ग्रॅमच जास्त. शिवाय सोनं मोडणं म्हणजे विक्री. दोन वर्षांहून जुन्या सोन्याच्या नफ्यावर आताच्या नियमाने साडेबारा टक्के कर. आजच्या किमतीत निम्मा नफा असेल, तर तेवढ्यानेच ते साडेपाच ग्रॅम संपतात.

15 चा दर सरकारांनी ठरवून धरला होता. 1870 नंतर एकेका देशाने चांदीची नाणी बाजूला केली आणि तो आधारच गेला. खाणींचं म्हणाल, तर बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांब्यासोबत निघते. भाव पडला तरी जस्ताची खाण थांबत नाही.

सुनंदा, माजलगाव
सासूबाईंची पैंजणं आणि वाळे मोडायला नेले, तर सराफाने टंच काढून 80 टक्केच चांदी धरली. हा 80 म्हणजे तोच का? मग आमची चांदी मोडायची वेळ आली म्हणायची का?

वहीखाते, लातूर
नाही ताई, तो तुमच्या पैंजणातल्या शुद्ध चांदीचा भाग. रेशो चोख धातूच्या भावांवर काढतात. दागिन्याची मजुरी परत मिळत नाही, म्हणून तुमच्या चांदीला रेशो लावूच नका.

डीमॅट, संभाजीनगर
वहीखात्यांचा हिशेब सराफ्यापुरता ठीक. ईटीएफ घेतला तर जीएसटी नाही, घट नाही. आणि आपल्या भावांवर काढलेला रेशोही फसवतो. जुलै 2022 ला सोन्याचं आयात शुल्क 10.75 वरून 15 टक्के झालं, चांदीचं फेब्रुवारी 2023 पर्यंत तसंच राहिलं. जगात काही न हलता आपला रेशो चार टक्क्यांच्या आसपास वर गेला. डॉलरचेच भाव घ्या. पण 120 ला घेणारे कमावून गेले, हे कसं नाकारता?

वहीखाते, लातूर
नाकारत नाही. पण ईटीएफ विकला तरी कर आहेच. आणि 84 ला आत शिरलेल्याकडे 120 ला मोडायला सोनं उरलेलं नसतं.

गंगाखेडकर
म्हणून तर सगळं एकदम मोडायचं नाही. 80 ला चौथा हिस्सा, 100 ला पुढचा.

वहीखाते, लातूर
आणि एप्रिल 2011 ला तो 32 च्या आसपास होता. तिथून 80 पर्यंत चढायला जवळपास पाच वर्षं लागली. चौथा हिस्सा 60 ला का नाही, याचं उत्तर आधी द्या.

सोयाबीनवाला, औसा
बिस्किटांच्या पावत्या शोधतोय. अर्ध्या मामाकडे आहेत. कर किती बसतो ते पाहून पुढचं विचारतो.