७५ टक्के असले की झालं का?

"भाचीला बारावीला ७५ टक्के पडले, म्हणजे आयआयटीचं नक्की ना?"

नाही हो ताई, एवढ्यावर नाही. आधी जेईई अॅडव्हान्स्डमध्ये रँक लागतो, मग कौन्सेलिंगमध्ये सीट मिळावी लागते. म्हणजे ७५ पुरेसे नाहीत. पण ते आवश्यक तरी आहेत का? तेही नाही. कारण ओपनसाठी अट अशी आहे की ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात कॅटेगरीप्रमाणे टॉप २० पर्सेंटाइल, यातलं एक हवंच. म्हणजे समजा डोंबिवलीच्या एका मुलाला ७३ पडले आणि त्या वर्षीचा टॉप २० चा कटऑफ ७० ला लागला, तर त्याचीही अट पूर्ण झाली. आवश्यक आहे तो अख्खा "किंवा", त्यातला एकटा ७५ नव्हे, आणि हे नीट न वाचता पोरं उगाच आशा सोडतात याचं फार वाईट वाटतं.

नियम वाचताना दोन प्रश्न विचारा. हे असूनही कोणी अडकू शकतं का? मग पुरेसं नाही. हे नसूनही कोणी आत जाऊ शकतं का? मग आवश्यक नाही.

घरातही तेच बघा, "नव्वद पडले तर मोबाईल" म्हटलं की नव्वदला द्यावाच लागतो, ऐंशीला नाही असं काही तुम्ही बोललेला नाहीत. "नव्वदशिवाय मोबाईल नाही" म्हटलंत तर बरोब्बर उलटं.