उत्तर: इन्व्हर्सच्या पुढचं x ≥ 1

> फोटोतल्या f(x) = √(2x − 5) + 1 चा इन्व्हर्स ((x − 1)² + 5)/2 आला. पुस्तकात पुढे x ≥ 1 असंही आहे. ते कुठून आलं? यात तर कुठलीही संख्या चालते ना?

इन्व्हर्स तुम्ही काढलाच आहे, मी फक्त x ≥ 1 या अटीबद्दल लिहितो.

ती अट नुसत्या इन्व्हर्सकडे बघून सापडणारच नाही, मूळ फंक्शनकडे जावं लागतं. वर्गमूळ कधी ऋण नसतं, म्हणून f ची किंमत 1 पेक्षा कमी येत नाही. f मधून जे बाहेर पडतं तेवढंच इन्व्हर्समध्ये आत जाऊ शकतं.

आकडे घालून बघा. f(7) = √9 + 1 = 4. इन्व्हर्समध्ये 4 घातले की (9 + 5)/2 = 7, बरोबर परत आलो. आता −2 घाला. (−3)² सुद्धा 9, म्हणजे पुन्हा 7! पण f(7) तर 4 आहे, −2 नाही. इन्व्हर्स काढताना x आणि y ची अदलाबदल केली की x − 1 = √(2y − 5) येतं, गडबड होते ती त्याचा वर्ग करताना. उजवी बाजू शून्य किंवा धन, म्हणून डावीही तशीच हवी, आणि वर्ग केला की ही खूण पुसली जाते. वर्ग करण्याआधीच शेजारी x − 1 ≥ 0 लिहून ठेवा.

आणि हो, फोटोत वर्गमूळाची आडवी रेघ पुसट आहे. +1 तिच्या आत असता तर फंक्शन √(2x − 4) झालं असतं आणि अट x ≥ 0 आली असती. पुस्तकात x ≥ 1 आहे, म्हणजे +1 बाहेरच.