९.५ ने गुणा आणि मोकळे व्हा?

शेवंती: भाचीला २०१६ साली सीबीएसई दहावीत ९.० सीजीपीए होता. तेव्हा गुणपत्रिकेवर गुण नसायचे, पाच विषयांच्या ग्रेड पॉइंटांची ही दहापैकी सरासरीच असायची. नोकरीच्या अर्जात टक्के भरायचेत. ९ गुणिले ९.५, म्हणजे ८५.५. लोक उगाच बाऊ करतात. सरळ गुणा आणि मोकळे व्हा.

कोरा_कागद: हे वाचून राहवलं नाही. ९.५ आला कुठून? ए-वन, म्हणजे ९१ ते १०० वाल्या मुलांच्या मागच्या काही वर्षांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास निघाली. ए-वनचे पॉइंट १०, म्हणून ९५ भागिले १०. वरच्या गटाचं माप बोर्डाने सगळ्यांना लावलं.

आता दोन मुली घ्या. एकीला पाचही विषयांत ८१, दुसरीला पाचही विषयांत ९०. दोघी ए-टू, दोघींचा सीजीपीए ९.०, दोघींना ८५.५. नऊ टक्क्यांचा फरक पुसला गेला! तिसरीला सगळीकडे ९१ असतील तर ती थेट ९५ वर. शंभरपैकी शंभर मिळवणारीही ९५ वरच.

तळ्यातमळ्यात: पाच विषयांत कमी-जास्त होऊन चूक जवळपास फिटतेच की.

कोरा_कागद: गुण विखुरलेले असतील तर फिटते. सगळेच ८१-८२ असतील तर नाही. शिवाय को-स्कोलॅस्टिक, म्हणजे खेळ-कला वगैरे अभ्यासाबाहेरच्या गोष्टींमुळे काहींची एखाद-दोन विषयांत ग्रेड वर सरकायची. मग ए-टू पाहून ८१ तरी होते, असंही म्हणता येत नाही.

एसएससीची_आई: हेच तर! माझ्या मुलाला स्टेट बोर्डात ९४, एकेक गुण कमावलेला. अकरावीच्या यादीत सीबीएसईची मुलगी ९५ धरून त्याच्या पुढे. तिला खरे ९१ असतील तर? तेव्हा किती रडला तो.

दिल्ली_ते_ठाणे: ताई, तुमच्याकडे २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, सहावा विषय सोडून देतात. माझ्या लेकीला ९८-९९ मिळत असतील, तरी ९५ च्या वर जायची सोय नव्हती. ती रडली नसेल?

एसएससीची_आई: असतील, नसतील! आमचे गुण छापलेले होते.

दिल्ली_ते_ठाणे: ते मान्य. पण राग मुलांवर काढू नका.

ठोकळा: माझा इंजिनिअरिंगचा सीजीपीए ७.८. मीही ९.५ ने गुणून ७४.१ लिहिलं. आमच्या विद्यापीठाचा नियम एआयसीटीईसारखा, ०.७५ वजा करून दहाने गुणायचा. म्हणजे ७०.५. कागदपत्रं तपासताना कंपनीने खुलासा मागितला, रुजू व्हायचं तीन आठवडे लांबलं.

कोरा_कागद: ९.५ सीबीएसई दहावीचा. पदवीला ज्या विद्यापीठाची गुणपत्रिका, त्याचंच सूत्र.

शेवंती: बरं, चूक माझी. पण रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही, त्याचं काय?

कोरा_कागद: ८५.५ च भरा. शेरा लिहायला जागा असेल तर 'सीजीपीए ९.०, सूचक टक्केवारी' लिहा आणि गुणपत्रिका जोडा. बोर्डही त्याला सूचकच म्हणायचं. पण ८६ ची अट असेल तर ९० वाली मुलगीही बाहेर जाईल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एसएससीची_आई: आणि ८५ ची असेल तर ८१ वाली आत!