हिशेबनीसांच्या निरोप समारंभात तुम्ही काय बोललात?

दौतवाला
कपाट आवरताना जुनी तेरीज सापडली, कडेला आमच्या हिशेबनीस काकांच्या पेन्सिलच्या खुणा. वडिलांच्या काळापासून आमचे हिशेब काकांकडेच. ते निवृत्त झाले तेव्हा 'प्रामाणिक, निष्ठावान' लिहिलेला कागद मी खिशातच ठेवला आणि दोनच गोष्टी सांगितल्या.

एकदा वर्षअखेरीला तेरजेत ९०० चा फरक आला. मी म्हटलं, फरक सस्पेन्स खात्यात टाका. काका म्हणाले, "नऊने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत कुठेतरी." आणि खतावणी घेऊन बसले. विक्री ५४०० ची, गिऱ्हाईकाच्या नावे मात्र ४५०० लिहिलेले. सस्पेन्समध्ये गेले असते तर ते ९०० आम्ही मागितलेच नसते.

दुसरी मोठी. घरासाठी गल्ल्यातून पैसे उचलले की काका ते धंद्याच्या खर्चात कधीच घालू द्यायचे नाहीत. ज्याने घेतले त्याच्या उचल खात्यावर. वडील चिडायचे, तरी लिहायचे. पुढे आम्ही भाऊ वेगळे झालो तेव्हा कोणी किती घेतलं यावर एक शब्द वाढला नाही. मी म्हटलं, "काका, आम्ही अजून एकमेकांकडे जातो-येतो ते तुमच्यामुळे." पुढे बोलवेना.

गोधडी
वाचून भरून आलं. नऊने भाग गेला की अंक उलटेच असतात, सासरे सांगायचे.

जमाखर्च
उलटेच असं नाही हो. शून्य राहिलं तरी तसंच होतं. ४५०० चे ४५० लिहिले तर फरक ४०५०, त्यालाही नऊने भाग जातो. काही जमेना तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. आणि अख्खं बिल नोंदवायचंच राहिलं तर तेरीज छान जुळते! ते कळतं फक्त गिऱ्हाईक ओळखणाऱ्या माणसाला. निरोपात असंच काही सांगावं. गिऱ्हाईकाचं नाव तेवढं घेऊ नये.

पाऊलवाट
आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे. भेट काय द्यावी? घड्याळ नको, सगळे तेच देतात.

सायली
माझे बाबा हिशेबनीस होते. मालक कौतुकाने म्हणाले, "यांनी कधी रजा घेतली नाही." टाळ्या पडल्या. आई खाली बघत होती. मालकांचा हेतू चांगला होता, पण ते वाक्य अजून टोचतं.

जमाखर्च
सायली, समजू शकतो. शिवाय ऑडिटरला रजा न घेणारा हिशेबनीस म्हटलं की आधी शंकाच येते, चांगल्या माणसावरही.

गोधडी
पण खरंच घेतली नसेल तर सांगायचं नाही का? आमच्या यजमानांना फार अभिमान होता त्याचा.

दौतवाला
@पाऊलवाट, आधी बँकेतल्या सह्या आणि पासवर्ड बदलून घ्या. आमच्या काकांना निवृत्तीनंतरही ओटीपीसाठी फोन जायचे, बरं वाटत नाही ते. भेट काकूंना विचारून ठरवा.

पाऊलवाट
काकू म्हणतात त्यांनाच विचारा 😀