मदत हवी आहे: सहकाऱ्याच्या पीअर रिव्ह्यूमध्ये नेमकं काय लिहू?

मृदुला_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. यंदा एप्रिल ते सप्टेंबरच्या सहामाही रिव्ह्यूत पहिल्यांदाच आम्हाला एकमेकांबद्दल लिहायला सांगितलंय. माझ्या वाट्याला डिझाइनमधला एक सहकारी आलाय. फॉर्ममध्ये दोनच चौकटी आहेत: ‘काय चांगलं चाललंय’ आणि ‘काय बदलावं’. प्रत्येकीत सहाशे अक्षरं मावतात. लिहिणाऱ्याचं नाव त्याला दिसणार नाही, पण मजकूर जसाच्या तसा त्याच्या हाती जाईल आणि त्याचे साहेबही वाचतील.

भरायचा इंग्रजीत आहे, पण आधी मराठीत मांडून बघितलं. दुसऱ्या चौकटीसाठी एवढंच सुचलं:

“कामात हुशार आहे, पण संवाद कमी पडतो. डॉक्युमेंटेशनकडे जास्त लक्ष द्यायला हवं. सगळ्यांना सोबत घेऊन चालावं.”

लिहिलं आणि माझं मलाच पटेना. माणूस खरंच चांगला आहे. त्याचं नुकसान व्हायला नको, पण त्याच्यामुळे आमच्याकडे दोनदा काम अडलं तेही सांगायचंय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. कसं लिहू?

अमेय_प

सोपं आहे. आधी एक चांगली गोष्ट, मग सुधारणा, शेवटी परत चांगली गोष्ट. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात. आणि तारखा, जॉब नंबर वगैरे अजिबात घालू नका, उगाच वैयक्तिक होतं. मोघम ठेवलं की समोरच्याला लागत नाही.

शर्वरी_इंदूर

मृदुला, मनावर घेऊ नकोस गं. मलाही गेल्या वर्षी असंच आलं होतं, “बोलण्यात थोडी आक्रमक वाटते”. कोणत्या मीटिंगमध्ये, कोणाशी, काय बोलले, काही म्हणजे काही नाही. पुढचे दोन महिने मी मीटिंगमध्ये तोंडच उघडलं नाही. तुझ्याबद्दल ज्याने लिहिलंय त्याला सरळ विचार.

मृदुला_बडोदा

शर्वरीताई, मला आलेलं नाहीये, मला लिहायचंय. पण तुमचा अनुभव वाचून पोटात गोळा आला. माझं वाचून तोही असाच गप्प बसला तर?

रावपुरा_जुना

मृदुलाताई, मी कारखान्यातच आयुष्य काढलं, शेवटची काही वर्षं डिझाइन विभाग सांभाळला. असे फॉर्म पुष्कळ वाचले, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवले. त्यातून सांगतो.

शर्वरीताईंचं उदाहरण इथे अगदी लागू आहे. त्यांना शेरा मिळाला तो त्यांच्या स्वभावावर. कोणतं वागणं बदलायचं ते कळलं नाही, म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये अशा अभिप्रायांवरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट घसरलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं की वाचणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. म्हणून अमेयराव, मोघम लिहिलं की लागत नाही हे मला पटत नाही. मोघम शेराच जास्त लागतो, कारण मोकळी जागा माणूस स्वतःच्या भीतीने भरतो.

आता तुमचा मसुदा. तो तुमच्या सहकाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचा आणि विचारा, सोमवारी सकाळी कामावर आल्यावर मी वेगळं काय करू? ‘संवाद कमी पडतो’ वाचून तो जास्त मेल पाठवेल की कमी? तुमच्या तिन्ही वाक्यांतून उत्तर निघत नाही.

तेव्हा आधी इथेच सांगा, काम अडलं म्हणजे काय झालं? तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच. ‘शॉपवाले म्हणतात’ नको.

मृदुला_बडोदा

सांगते काका. ऑगस्टमध्ये एका जॉबला बुशिंगचा सप्लायर ऐनवेळी बदलला. नव्या बुशिंगच्या फ्लँजची भोकं वेगळ्या अंतरावर होती. त्याने टाकीच्या वरच्या कव्हरचं ड्रॉइंग बदललं, रिव्हिजन 2 सर्व्हरवर टाकलं. बदलाच्या रकान्यात फक्त ‘सुधारित’ असं लिहिलं. फॅब्रिकेशनमध्ये रिव्हिजन 1 ची प्रिंट टेबलावर होती, त्यांनी त्यावरच भोकं पाडली. स्टेज इन्स्पेक्शनला मी बुशिंग ठेवून पाहिलं तर बोल्ट बसेनात. भोकं वेल्डने भरली, घासली, नव्याने पाडली, मग वेल्डची डाय टेस्ट. डिस्पॅच पुढे गेला.

जूनमध्येही असंच, रेडिएटरच्या व्हॉल्व्हची जागा सरकली होती आणि ते जोडणीच्या वेळी कळलं. म्हणून मला वाटतं की तो कधीच नीट कळवत नाही.

रावपुरा_जुना

उत्तम, आता हातात काहीतरी आलं. पण ‘कधीच’ हा शब्द तपासायला हवा. या सहा महिन्यांत त्याची बाकीची रिव्हिजनं आली असतील, त्यांचं काय? ड्रॉइंग पाठवल्याची नोंदवही तुमच्याकडे येत असेल, ती एकदा चाळा. ‘कधीच’ लिहिलंत आणि त्याला नीट कळवलेलं एक रिव्हिजन आठवलं, की तुमचा सगळा शेरा त्याच्या लेखी खोटा ठरतो.

दुसरं, शॉपमधून जुनी प्रिंट परत घेणं कोणाचं काम आहे? त्याचं की डॉक्युमेंट कंट्रोलचं?

ग्वाल्हेरचा_निखिल

मधेच बोलतो. मी आयटीत आहे. एवढं नेमकं लिहिलं तर नाव लपवून काय उपयोग? बुशिंग बसत नाही हे क्वालिटीशिवाय कोणाला दिसणार? तो एका मिनिटात ओळखेल. आमच्याकडे याच भीतीने सगळे गुळमुळीत लिहितात.

मृदुला_बडोदा

काका, नोंदवही पाहिली. मला वाटत होतं त्यापेक्षा चित्र वेगळं निघालं. त्याची बहुतेक रिव्हिजनं व्यवस्थित आहेत. काय बदललं, कोणत्या शीटवर, कोणत्या जॉबला लागू, सगळं लिहिलेलं. नुसतं ‘सुधारित’ ही दोनच, जून आणि ऑगस्टची. दोन्ही वेळा काम आधीच शॉपवर गेलेलं होतं आणि सप्लायर किंवा ग्राहकाकडून उशिरा बदल आला होता.

जुनी प्रिंट परत घेणं डॉक्युमेंट कंट्रोलचं काम आहे, त्याचं नाही.

शिवाय नोंदवहीत एप्रिलचं एक आठवलं जे मी पार विसरले होते. प्रेशर टेस्टमध्ये बुशिंगच्या बुडाशी तेल झिरपत होतं. तो स्वतः टेस्टवर आला, गॅस्केटची खाच मोजली, कमी खोल असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ड्रॉइंग दुरुस्त केलं. त्यानंतरच्या जॉबना तिथून गळती नाही.

रावपुरा_जुना

बघा, ‘डॉक्युमेंटेशनकडे लक्ष द्यायला हवं’ हे लिहिलं असतंत तर अन्याय झाला असता. त्याचं डॉक्युमेंटेशन चांगलं आहे. काम शॉपवर गेल्यानंतर घाईत आलेल्या बदलांपुरतं ते सुटतं. इतकं बारीक दाखवलं की त्याला ते मान्य करणंही सोपं जातं आणि बदलणंही.

जुनी प्रिंट शॉपवर राहिली हा दोष त्याच्या माथी मारू नका. तो कार्यपद्धतीचा प्रश्न आहे, तुमच्या साहेबांकडे वेगळा मांडा. पण त्याचा साहेब फॉर्म वाचणार आहे, म्हणून तो वाटा त्याचा नाही एवढं एका वाक्यात लिहाच. नाहीतर साहेब सगळं डिझाइनवर ढकलतील.

दोषाच्या जागी परिणाम लिहा, तोही पाहिला तेवढाच. ‘भोकं भरून परत पाडावी लागली’ हे पुरे. ‘निष्काळजीपणामुळे’ हा तुमचा तर्क झाला, तो पाहिलेला नाही. शेवटी मागणी एकच ठेवा, त्याच्या हातातली.

एप्रिलची गोष्ट पहिल्या चौकटीत तितक्याच तपशिलाने लिहा. ‘हुशार आहे’ने त्याला काय चालू ठेवायचं ते कळत नाही. अमेयराव, चांगलं लिहायला माझी ना नाही, पण ते तक्रारीच्या दोन्ही बाजूंना गोडवा म्हणून लावलं की वाचणारा ‘पण’ची वाट बघत बसतो आणि कौतुक वाया जातं.

अमेय_प

कौतुकाचं पटलं. तारखांबद्दल अजून नाही. जॉब नंबर घातला तर साहेब तो जॉब काढून खर्चाचा हिशेब मांडतील.

रावपुरा_जुना

हे बरोबर बोललात. जॉब नंबर नको. महिना आणि काय बदललं एवढं सांगितलं तरी त्याला नक्की आठवेल.

मृदुला_बडोदा

नवा मसुदा. चांगलं काय:

“एप्रिलमध्ये प्रेशर टेस्टला बुशिंगच्या बुडाशी तेल झिरपलं तेव्हा स्वतः टेस्टवर येऊन गॅस्केटची खाच मोजली आणि ड्रॉइंग दुरुस्त केलं. पुढच्या जॉबना तिथे गळती आली नाही. दोष टेस्टवर येऊन पाहण्याची ही पद्धत चालू ठेवावी.”

काय बदलावं:

“एरवी रिव्हिजनच्या नोंदी स्पष्ट असतात. काम शॉपवर गेल्यानंतर आलेल्या दोन बदलांत (जून, रेडिएटर व्हॉल्व्ह, ऑगस्ट, बुशिंगची भोकं) नोंदीत फक्त ‘सुधारित’ होतं. दोन्ही बदल जोडणी किंवा तपासणीच्या वेळी कळले. ऑगस्टमध्ये भोकं भरून परत पाडावी लागली. जुनी प्रिंट शॉपवर राहणं हा डिझाइनचा भाग नाही. अशा उशिराच्या बदलांत काय बदललं ते एका ओळीत लिहावं आणि त्याच दिवशी शॉप व क्वालिटीला फोन करावा.”

शर्वरी_इंदूर

मला असं आलं असतं तर मी वाईट वाटून घेतलं असतं, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळलं असतं. एकच सांगते, ‘फोन करावा’ऐवजी ‘कळवावं’ लिही. फोन की मेल ते त्याला ठरवू दे.

रावपुरा_जुना

शर्वरीताई, इथे मी फोनच ठेवीन. शॉपवर कटिंग चालू असताना मेल कोण उघडतो? पण मृदुलाताईंना त्यांची माणसं माहीत.

मृदुला_बडोदा

आमच्या फॅब्रिकेशनच्या सुपरवायझरांना मेल आयडीच नाही, फोनच ठेवते.

निखिल, तुझा मुद्दा खरा आहे. तो ओळखेलच. म्हणून उद्या जेवणाच्या सुट्टीत त्याला हे तोंडी सांगणार आहे, मग शुक्रवारी फॉर्म भरेन. कागदावर त्याला पहिल्यांदाच कळायला नको.

ग्वाल्हेरचा_निखिल

तुमचं त्याच्याशी बरं आहे म्हणून हे जमेल. ज्याच्याशी बोलणंच बंद आहे किंवा जो उद्या तुमचा साहेब होणार आहे, त्याच्याबद्दल लिहायचं असेल तर? आणि हे वाक्य इन्क्रिमेंटच्या वेळी साहेब वापरणार का, हे तुमच्या एचआरने सांगितलंय का?

मृदुला_बडोदा

विचारलं होतं. “फक्त विकासासाठी” एवढंच उत्तर आलं. साहेबांनाही तोच मजकूर जातो म्हटल्यावर त्यावर किती विसंबायचं, मला ठरवता येत नाहीये. कोणाच्या कंपनीत दोन्ही गोष्टी खरोखर वेगळ्या ठेवतात का? ठेवत असतील तर साहेबांपर्यंत नेमकं काय पोचतं?